‘पाहुणे सहा’ आणि नऊ अंकांचा नंबर

मेसेज बरोबर साठ सेकंदांचा होता. एकोणसाठ नाही, अठ्ठावन्न नाही. आमच्या व्हॉइसमेलची मर्यादा साठ सेकंदांची आहे. त्यामुळे मजकूर वाचायच्या आधीच एक गोष्ट ठरली: बाईंचं बोलणं संपलं नव्हतं, यंत्राने ते तोडलं होतं. कालावधीचा रकाना फारसं कोणी बघत नाही. मी मात्र सगळ्यात आधी तोच बघतो, कारण मशीनने उतरवलेल्या मजकुरात ‘इथे तुटलं’ अशी खूण कधीच नसते. शेवटचा शब्द संपतो आणि वाक्य पूर्ण झाल्यासारखं दिसतं.

आमचं काम रुग्णांसाठी पलंग, खुर्च्या, वॉकर भाड्याने घरपोच देण्याचं. रात्री ऑफिस बंद असताना आलेले मेसेज सकाळी मजकुराच्या रूपात समोर येतात. त्यातून फोन, पत्ता आणि वेळ वेगळी काढायची, आणि गाडी लावणाऱ्याच्या हातात चिठ्ठी द्यायची. बुधवारी सकाळी साडेसातला समोर आलेला मजकूर असा होता (बाईंचं नाव आणि नंबराची पहिली जोडी मी झाकली आहे):

> लो मी बोलते आहे बाबांना उद्या डिश चार्ज आहे तर बेड संध्याकाळी पाहुणे सहाच्या आत लागेल घरी भाऊ असेल त्याचा नंबर ×× डबल ४ २७ नाही सदतीस ८ १६ पत्ता लिहून घ्या वी विंग ३०० ४ तिसरा मजला पाण्याच्या टाकी समोर लिफ्ट लहान आहे बेड जिन्याने आणावा लागेल ५ ते साडी पाच मी फोन घेऊ शकणार

‘डिश चार्ज’ म्हणजे डिस्चार्ज आणि ‘लो’ म्हणजे हॅलो, हे सांगायला नको. बीप संपायच्या आतच माणूस बोलायला लागतो आणि पहिलं अक्षर जातं. या दोन चुका हसून सोडून द्यायच्या. बाकीच्यांवर एकेक करून बसावं लागतं.

मजकूर वाचण्यापूर्वी आवाज ऐकायचा, ही माझी सवय आहे आणि मी ती मोडत नाही. आधी ‘२७’ वाचलं की कानाला सत्तावीसच ऐकू येतं, मग तिथे काहीही असो. म्हणून पहिल्या वेळी नुसतं ऐकायचं, पेन खाली. दुसऱ्या वेळी फक्त आकडे लिहायचे, ऐकू येतील तसे अक्षरांत: ‘सदतीस’, ३७ नव्हे. मग ते मजकुराशी ताडायचे. जिथे फरक पडतो तेवढाच तुकडा तिसऱ्यांदा, हेडफोन लावून, पाऊणपट वेगाने ऐकायचा. त्याहून हळू केलं तर व्यंजनं फरपटतात आणि होता तो स्पष्टपणाही जातो.

आता नंबर. बाई जोड्याजोड्यांनी बोलत होत्या, बहुतेक जण तसेच सांगतात. मजकुरातला ‘नाही’ ही त्यांची स्वतःची दुरुस्ती धरली, तर सत्तावीस बाद आणि सदतीस खरं. मग मोजणी होते पहिली जोडी, ४४, ३७, ८, १६. म्हणजे नऊ अंक, एक कमी. ‘नाही’ दुसऱ्या कोणाला उद्देशून असेल आणि दोन्ही जोड्या खऱ्या धरल्या, तर अकरा होतात, एक जास्त. खरी मेख तिसऱ्या वाचनात आहे. दोन्ही जोड्या ठेवा आणि ‘डबल’ हा शब्द मशीनने चुकून घातला असं समजा: पहिली जोडी, ४, २७, ३७, ८, १६. बरोबर दहा! घाईत असलेला माणूस इथे थांबतो, दहा झाले म्हणून खूश होतो आणि नंबर चिठ्ठीवर जातो. अंक दहा भरले एवढ्याने नंबर बरोबर ठरत नाही. नंबर चुकीचा असला तरी अंक दहा भरतातच, कसे भरले ते बघावं लागतं.

माझं लक्ष त्या एकट्या ‘८’ वर होतं. जोड्यांनी बोलणारा माणूस मध्येच एक सुटा अंक टाकत नाही. टाकला तर त्याचा ताल बदलतो, आणि इथे ताल तसाच होता. मी तो तुकडा पुन्हा ऐकला. ‘आठ’ म्हणताना स्वर एकदम सुरू होतो, दार उघडल्यासारखा. इथे स्वराआधी श्वासाएवढी बारीक फुसफुस होती. ते ‘साठ’ असणार. पहिली जोडी, ४४, ३७, ६०, १६: दहा अंक, सगळे जोड्यांत, ‘डबल’ही जागेवर आणि दुरुस्तीही जागेवर.

हे असं का होतं ते एकदा कळलं की पुढच्या वेळी कान तिथे आपोआप जातो. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे पोहोचतो. ‘स’चा सळसळता भाग बहुतांशी त्याच्या वर असतो. म्हणजे ‘साठ’मधला ‘स’ वाटेतच गळतो आणि हाती ‘आठ’ येतं. मग कोणी विचारेल, त्याच मेसेजमध्ये ‘सोळा’ कसं नीट उतरलं? तिथेही ‘स’ गळालाच होता. पण ‘ओळा’ नावाचा आकडा नाही, त्यामुळे मशीन अंदाजाने ‘सोळा’वर पोहोचतं. ‘साठ’चा ‘स’ गेला की उरलेलं ‘आठ’ हाही धडधाकट आकडा असतो, म्हणून चूक दिसत नाही. मराठीत अशा जागा ठरलेल्या आहेत. सत्तावीस आणि सदतीस, बावीस आणि बावन्न, त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशी. ‘एकोण’ने सुरू होणाऱ्यांचा तर वेगळाच ताप: ‘एकोणसाठ’मधलं ‘एकोण’ पडलं की साठ उरतात, एका शब्दात दोन्ही अंक बदलतात.

एवढं सगळं जुळूनही मी त्या नंबरापुढे ‘पक्कं’ लिहिलं नाही. आमच्याकडे चार खुणा आहेत. ‘पक्कं’ म्हणजे आवाज स्वच्छ आणि मेसेजमधल्याच दुसऱ्या गोष्टीने त्याला दुजोरा. ‘जुळतं’ म्हणजे तर्काने बसवलेलं, आधार आहे पण साक्षीदार नाही. ‘विचारा’ म्हणजे दोन वाचनं शक्य आहेत. ‘रिकामं’ म्हणजे माहिती मुळात हातात आलीच नाही. नंबर ‘जुळतं’मध्ये गेला. आणि फोनच्या बाबतीत ‘जुळतं’वरही गाडी सोडायची नाही, असा आमचा नियम आहे. पत्त्यात एक अक्षर चुकलं तर माणूस शेजारच्या दारात पोहोचतो आणि विचारून घेतो. नंबरात एक अंक चुकला तर पोहोचतो तो थेट अनोळखी माणसाकडे.

ज्या नंबरावरून फोन आला होता त्याच्याशी ताडून बघायचं, ही नेहमीची सोपी पडताळणी. माणूस स्वतःचाच नंबर सांगत असेल आणि दहाही अंक जुळले तर विषय संपतो. इथे ती सोय नव्हती, कारण बाई स्वतःच्या फोनवरून भावाचा नंबर सांगत होत्या. एकही जोडी जुळत नव्हती आणि जुळायची गरजही नव्हती. मी हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्याकडच्या एकाने मागे ‘आलेला नंबर खात्रीचा, सांगितलेला गडबड’ असं म्हणून सांगितलेला नंबर खोडूनच टाकला होता. नंबर दोन असतील तर माणसंही दोन असू शकतात.

वेळेकडे वळू. ‘पाहुणे सहाच्या आत’ वाचून ऑफिसात हशा झाला. एकाने विचारलंही, सहा पाहुण्यांना एक बेड कसा पुरणार? पण अशी विनोदी चूक मला बरी वाटते, ती ओरडून सांगते की इथे काहीतरी बिघडलंय. बोलण्याच्या ओघात ‘पावणे’मधला ‘व’ जेमतेम उमटतो. मशीनला ‘पाहुणे’ हा शब्द ओळखीचा, ते तो चिकटवून देतं. भीती असते ती ‘पावणे’ अख्खं गळून नुसतं ‘सहाच्या आत’ उरतं तेव्हा. ते वाक्य निर्दोष दिसतं आणि पंधरा मिनिटं गिळून बसतं. म्हणून मजकुरात कुठेही पूर्ण तासाची वेळ दिसली की मी तेवढा तुकडा ऐकतोच. ‘साडे’, ‘सव्वा’, ‘पावणे’ हे तिन्ही आकड्याच्या आधी येतात, घाईत पुसट होतात. इथे ‘पावणेसहा’ कानाला स्वच्छ होतं आणि आधी ‘संध्याकाळी’ होतंच. पाच पंचेचाळीस, पक्कं. खालची ‘साडी पाच’ म्हणजे साडेपाच, तीही पक्की. पण त्या वाक्याचं पुढे काय झालं, ते वेगळं प्रकरण आहे.

‘५ ते साडेपाच मी फोन घेऊ शकणार’. इथे साठावा सेकंद संपला. मराठीत नकार शेवटी येतो, आणि व्हॉइसमेल शेवटालाच कापतं. पुढे ‘आहे’ असेल तर त्या अर्ध्या तासात बाईंना फोन करायचा. ‘नाही’ असेल तर तोच अर्धा तास टाळायचा. ‘घेऊ शकेन’ म्हणाल्या असत्या तर वाक्य तिथे पूर्ण झालं असतं. ‘शकणार’पुढे मात्र बहुतेकदा ‘आहे’ किंवा ‘नाही’ येतं. अंदाज ‘नाही’चाच होता, कारण फोन घेऊ शकणार आहे असं वेळ देऊन सहसा कोणी सांगत नाही. पण अंदाज अर्थाच्या विरुद्ध टोकाला नेऊ शकतो तिथे खूण एकच: विचारा.

‘उद्या’ने सगळ्यात जास्त घोळ घातला. मेसेजसोबतच्या मेलवर मंगळवारची तारीख होती आणि वेळ `18:47Z`. त्या शेवटच्या अक्षराचा अर्थ असा की ही सर्व्हरची जागतिक वेळ आहे, आपल्या घड्याळात त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे बाई बोलल्या तेव्हा रात्रीचे बारा सतरा झाले होते आणि बुधवार लागला होता. आता गंमत बघा. ज्याला हे अक्षर माहीत नाही, तो मंगळवारचा ‘उद्या’ म्हणजे बुधवार असं वाचतो. ज्याला माहीत आहे, तो वेळ सुधारतो आणि बुधवारचा ‘उद्या’ म्हणजे गुरुवार काढतो. आणि रात्री सव्वाबाराला, न झोपता, बोलणाऱ्या माणसाच्या मनात अजून मंगळवारच चालू असतो, त्याचा ‘उद्या’ पुन्हा बुधवार. सर्व्हरचं घड्याळ आणि कॅलेंडर यांच्यापैकी कोणीही ही गाठ सोडवू शकत नाही. मध्यरात्रीनंतर आणि पहाटेच्या आत आलेल्या मेसेजमधला ‘आज’ असो की ‘उद्या’, त्याला आम्ही न चुकता ‘विचारा’ लावतो. ‘परवा’ तर दिवसाढवळ्यासुद्धा विचारायचा शब्द आहे. तो मागेही जातो आणि पुढेही, क्रियापद ऐकू आलं नाही तर काहीच ठरत नाही.

पत्त्यात ‘३०० ४’ आलं, कारण मशीनने ‘तीनशे’ आणि ‘चार’ वेगवेगळे आकडे धरले. हे तसंच्या तसं कॉपी केलं आणि कोणीतरी मधली जागा काढली की ३००४ होतं. पुढेच ‘तिसरा मजला’ आहे, म्हणजे ३०४, दुजोऱ्यासह पक्कं. मजला हा पत्त्यातला सगळ्यात उपयोगी साक्षीदार आहे. लोक तो सहज बोलून जातात आणि तो घरक्रमांक सांभाळतो. ‘वी विंग’ला मात्र साक्षीदार नव्हता. बी, डी, व्ही, ई, पी ही अक्षरं फोनवर एकाच माळेतली, वेगळेपणा असतो तो स्वराआधीच्या क्षणभराच्या ठिणगीत. मला ‘बी’ ऐकू येत होतं. शेजारच्या सहकाऱ्याला मजकूर न दाखवता ऐकवलं, तिने ‘डी’ लिहिलं. विचारा.

यानंतर जे सापडलं ते मजकुरात नव्हतंच. ‘पत्ता लिहून घ्या’ आणि थेट ‘विंग’? इमारतीचं नाव कुठे गेलं? आमच्या यंत्रणेत प्रत्येक शब्दापुढे सेकंद बघता येतात. ‘घ्या’ चौतीस पूर्णांक दोनला संपत होता आणि ‘वी’ सदतीस पूर्णांक शून्यला सुरू. मध्ये जवळपास तीन सेकंद. ऐकलं तर तिथे हॉस्पिटलमधली घोषणा सुरू होती आणि तिच्याखाली बाईंचा आवाज, शब्द न कळण्याइतका दबलेला. मशीनने घोषणाही टाकली नाही आणि बाईंचे शब्दही टाकले नाहीत, फक्त दोन्ही टोकं शिवून टाकली. रिकामं. चुकीचा शब्द निदान डोळ्याला खुपतो. गळालेला शब्द सापडतो तो फक्त ‘पत्त्याला काय काय लागतं’ ही यादी हातात घेऊन मजकुराकडे गेलं तरच. इमारत, विंग, घर, मजला, खूण. मी तेवढंच बघतो, क्रमाने.

लिफ्ट लहान, बेड जिन्याने, हे स्वच्छ होतं. पण ते फोन, पत्ता, वेळ यांपैकी काहीच नसल्यामुळे नवखा माणूस ते गाळतो. आमच्या दोन माणसांना बेडचे भाग तीन मजले चढवून जोडायला पाऊण तास लागतो. पावणेसहाच्या आत बेड तयार हवा तर पाचला दारात. म्हणजे गाडी पोहोचणार नेमकी त्याच अर्ध्या तासात, ज्यात बाई फोन घेणार की नाही हे माहीत नाही. तेव्हा हाती उरतो भावाचा नंबर. नऊ अंकी.

फोन आठनंतर केला, अर्थात ज्या नंबरावरून मेसेज आला त्यावर. तर्काने बसवलेला नंबर फिरवून ‘बघू लागतो का’ असं करायचं नाही. तिकडे परका माणूस असेल तर त्याला कोणाचे तरी वडील आज घरी येताहेत हे कळतं. प्रश्न चारच लिहून घेतले, कारण पलीकडे हॉस्पिटलमध्ये थकलेला माणूस आहे. आणि प्रश्न उघडे ठेवले. ‘बुधवारी ना?’ असं विचारलं की माणूस ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो.

“ताई, रात्री तुम्ही बेडसाठी मेसेज ठेवला होता. बेड कोणत्या वारी हवा आहे?”

“उद्या म्हणाले ना मी? म्हणजे आज हो, बुधवारी. मला रात्री तो मंगळवारच वाटत होता.”

“इमारतीचं नाव आणि विंग पुन्हा सांगता का?”

नाव त्यांनी सांगितलं. विंग ‘डी’ निघाली. “डब्यातला ड,” असं त्या न विचारताच म्हणाल्या, बहुधा आधीही हा घोळ झाला असणार. माझ्या कानाने ‘बी’ ऐकलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

नंबर मी जोड्यांनी नको, एकेक अंक सांगा म्हटलं. चार चार तीन सात सहा शून्य एक सहा. मग मी तो उलट वाचून दाखवला, यावेळी जोड्यांनी आणि ‘साठ, सहा शून्य’ असं म्हणून. एकदा सुटा आणि एकदा जोड्यांनी, अशा दोन रीतींनी तोच नंबर जुळला तर ऐकण्यातली चूक दोन्हीकडे सारखी होण्याची शक्यता फार कमी उरते. शेवटचा प्रश्न पाच ते साडेपाचचा. त्या वेळी बाई बाबांना खाली आणत असणार होत्या. फोन घेता येणार नाही.

चारही प्रश्न ‘पक्कं’मध्ये गेले, तरी भावाला एकदा फोन लावायचा होता. पहिल्यांदा उचलला नाही. अकरा वीसला उचलला. इथेही आपल्याकडची माहिती आधी सांगायची नाही: “आज संध्याकाळी तुमच्या घरी काही सामान यायचं आहे का?”

“हो, बाबांचा बेड. पण मी सव्वापाचपर्यंत पोहोचेन. तुम्ही आधी आलात तर किल्ली शेजारी आहे, तीनशे तीनमध्ये.”

“तीन शून्य तीन? त्याच मजल्यावर?”

“तीन शून्य पाच, पाच. तीनशे पाच.”

चिठ्ठीवर तीनशे पाच लिहिलं, पुढे ‘किल्ली’, आणि वेळ पाच.